कपाटातली फाइल क्लाउडवर जाते तेव्हा

भाईंदर पश्चिमेकडून डोंगरी-उत्तनच्या बाजूला गेलं, की धारावी बेटाच्या उत्तर टोकाला चौक गाव लागतं. समोर वसईची खाडी आणि पलीकडे वसईचा किल्ला. गाव मच्छीमारांचं, त्यामुळे हिशेबाचं कामही समुद्राच्या वेळापत्रकानं चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागतात, नाखवा घरी सापडतो आणि वर्षभर पिशवीत साठलेले कागद सी.ए.च्या टेबलावर येतात. विवरणपत्रं भरायचे दिवसही साधारण हेच.

एका बोटीचे कागद किती, याची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, डिझेलची आणि बर्फाची बिलं, खलाशांना दिलेल्या उचलीची वही, जाळ्यांची खरेदी, कर्जाचा उतारा. डिझेलवर राज्याचा विक्रीकर लागतो आणि त्याचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळतो, म्हणून संस्थेच्या पावत्या वेगळ्या. याशिवाय नाखव्याचं, त्याच्या बायकोचं, कधी भावाचं पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक. एका घराची सगळी आर्थिक कुंडली एका बॉक्स फाइलमध्ये मावते. ती चुकीच्या माणसाच्या हातात पडली, तर त्या घराच्या नावावर काय काय करता येईल, याचा विचार केला तरी पुरे.

या पट्ट्यातल्या अशा घरांचे हिशेब पाहणाऱ्या एका फर्मचा मी भागीदार आहे. फाइली क्लाउडवर नेताना आम्ही अशिलांना एका पानाची सूचना पाठवली. तिच्यात नियम होते, पण त्यांच्यामागची कारणं एका पानात मावणारी नव्हती. ती इथे सांगतो.

ऑफिसातली हार्ड डिस्क का पुरत नाही

छोट्या सी.ए. ऑफिसची जुनी रचना सगळीकडे सारखीच असते. एका संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणायचं, त्याच्यावरचं एक फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर नक्कल घ्यायची. ती डिस्क ठेवायची त्याच खोलीतल्या कपाटात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबई आणि उपनगरांत तळमजल्यावरच्या असंख्य खोल्यांत पाणी शिरलं. अशा खोलीत मूळ आणि नक्कल दोन्ही असतील, तर दोन्ही एकाच वेळी जातात. नकलेचा उपयोग ती दुसऱ्या जागी असेल तरच.

कायद्याचीही यात बाजू आहे. ऑडिटची कागदपत्रं ऑडिट अहवालाच्या तारखेपासून किमान ७ वर्षं सांभाळावीत, असं आमच्या इन्स्टिट्यूटचं गुणवत्तेचं मानक सांगतं. कंपनी असेल तर तिला स्वतःची हिशेबपुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात. ही पुस्तकं संगणकावर असतील, तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. ‘ठरावीक काळानं’ हे शब्द काढून ‘रोज’ हा बदल २०२२मध्ये झाला. चौकातले बहुतेक व्यवसाय एकट्या मालकाचे, त्यांना कंपनीचा नियम लागत नाही. पण ज्या फर्मकडे दोन-चार कंपन्या आहेत, तिनं क्लाउड निवडण्याआधी सर्व्हर कुठे आहे, हे सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्यावं.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

क्लाउडबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथेच आहे. संगणकावरचं एक फोल्डर क्लाउडशी जोडलं, की त्यातला प्रत्येक बदल दोन्हीकडे होतो. याला सिंक म्हणतात. बदल या शब्दात ‘डिलीट’ही येतं. इथे फाइल पुसली, की तिथेही पुसली जाते. खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं इथल्या फाइलींना कुलूप घातलं, तर कुलूप घातलेल्या फाइली इमानेइतबारे वर चढतात. पुसलेल्या फाइली काही दिवस कचरापेटीत राहतात, हे खरं. गूगल ड्राइव्हमध्ये ती मुदत ३० दिवसांची आहे. पण जुलैत चुकून पुसलेली फाइल सप्टेंबरात ऑडिटच्या वेळी लागली, तर ती मुदत उलटून गेलेली असते. म्हणून क्लाउडवर फाइली ठेवल्या तरी बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो, तोही अशा जागी, जिथे रोजच्या कामाचं लॉगिन पोहोचत नाही.

टॅलीच्या बाबतीत आणखी जपावं लागतं. टॅली एका कंपनीचा डेटा एकाच फाइलीत ठेवत नाही. त्या फोल्डरमध्ये अनेक छोट्या फाइली असतात आणि एक व्हाउचर टाकलं की त्यातल्या कित्येक एकदम बदलतात. सिंक करणारा प्रोग्रॅम मात्र त्या एकामागून एक उचलतो. त्यामुळे अर्ध्या फाइली आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या, अशी मोडकी नक्कल वर जाऊ शकते. दोन संगणकांवरून एकाच वेळी काम झालं, तर डेटा बिघडायची पाळी येते. हे कसं ओळखायचं? फोल्डरमध्ये एकाच फाइलीच्या दोन प्रती दिसतात, एकीच्या नावाला संगणकाचं नाव किंवा ‘conflict’ असं शेपूट लागलेलं असतं, किंवा टॅली कंपनी उघडतानाच अडतं. म्हणून नियम असा केला: टॅलीचा चालू डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा नाही. संध्याकाळी टॅली बंद करण्याआधी त्यातूनच बॅकअप काढायचा आणि ती तयार फाइल वर चढवायची.

हलवताना

फाइली हलवणं म्हणजे सगळं उचलून वर टाकणं नाही. आधी यादी करायची: सर्व्हरवर काय आहे, भागीदारांच्या लॅपटॉपवर काय, पेनड्राइव्हवर काय, ईमेलमध्ये काय अडकलंय. मग प्रत्येक अशिलाची एकच जागा ठरवायची आणि तिच्यात वर्षागणिक फोल्डर. फाइलीच्या नावात आर्थिक वर्ष आधी आलं, की यादी आपोआप क्रमानं लागते. ‘Final’, ‘Final New’ आणि ‘Final Latest’ या तीन फाइलींतली खरी कुठली, हा प्रश्न पडू नये म्हणून सही झालेल्या प्रतीला वेगळा शब्द दिला.

फाइल वर पोहोचली ती जशीच्या तशी पोहोचली का, हे डोळ्यांनी कळत नाही. नाव तेच असतं, आकारही तोच दिसतो. त्यासाठी विंडोजमध्येच एक सोय आहे:

```
certutil -hashfile 2024-25_BalanceSheet_Signed.pdf SHA256
```

ही आज्ञा दिली की फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरांची एक ओळ येते. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. मूळ फाइलीवर ही ओळ काढायची, वर चढवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून पुन्हा काढायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. प्रत्येक बिलासाठी हे शक्य नाही. सही झालेले ताळेबंद, ऑडिट अहवाल आणि टॅलीचे बॅकअप यांच्यासाठी मात्र केलं. जुनी हार्ड डिस्क लगेच पुसायची नाही. एक पूर्ण हंगाम ती कुणीही बदल करू शकणार नाही अशा स्थितीत कुलपात ठेवायची.

मालकी कुणाची

सी.ए. ऑफिसात आर्टिकल म्हणून शिकणारी मुलं येतात आणि जातात. २०२३पासूनच्या नव्या योजनेत ही मुदत ३ वर्षांवरून २ वर्षांवर आली, म्हणजे माणसं आता आणखी लवकर बदलतात. एखाद्या मुलानं स्वतःच्या जीमेलवर फोल्डर बनवून सगळ्यांना दिलं, तर त्या फाइलींचा मालक तोच असतो. तो गेला आणि त्यानं खातं बंद केलं, की फाइली जातात. त्यानं खातं चालू ठेवलं, तर अशिलांचे कागद एका बाहेरच्या माणसाच्या खात्यात राहतात.

यावर उपाय म्हणजे फर्मच्या नावाचं गूगलचं सशुल्क खातं आणि त्यातलं Shared drive. तिथे टाकलेली फाइल टाकणाऱ्याची राहत नाही, फर्मची होते. त्यात पायऱ्या ठरवता येतात. आर्टिकलला Contributor ठेवलं, तर तो फाइल टाकू आणि बदलू शकतो, पण पुसू शकत नाही. Manager फक्त भागीदार. काम सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी थांबवायचं. अशिलाचं कुठलंही काम खासगी जीमेलवरून करायचं नाही, हा नियम भागीदारांनाही लागू.

प्रत आणि परवानगी

आता वाटून देण्याचा प्रश्न. आजवर नाखव्यानं “साहेब, रिटर्न पाठवा” म्हटलं की पी.डी.एफ. व्हॉट्सॲपवर जायची. ती पाठवली की तिची प्रत झाली. ती प्रत त्याच्या फोनमध्ये, फोनच्या बॅकअपमध्ये आणि त्यानं पुढे पाठवली असेल तिथे कायमची राहते. आपण आपल्याकडून संदेश पुसला, तरी पुढे गेलेली प्रत परत येत नाही.

क्लाउडची लिंक वेगळी चालते. फाइल एकाच जागी असते आणि समोरच्याला ती पाहायची परवानगी मिळते. परवानगी कुणाला, काय करायची आणि कधीपर्यंत, हे ठरवता येतं आणि नंतर काढूनही घेता येतं. पण याच सोयीत एक सापळा आहे. शेअर करायच्या चौकटीत खाली General access असं लिहिलेलं असतं. तिथे Restricted असेल, तर नाव घातलेल्या माणसालाच फाइल उघडते. Anyone with the link असेल, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाला उघडते. त्याचं नाव कळत नाही. लिंक दहा ग्रुपवर फिरली तरी पत्ता लागत नाही. घाईत असलेला माणूस नेमकं हेच निवडतो, कारण यात समोरच्याला लॉगिन करावं लागत नाही.

दुसरा सापळा फोल्डरचा. फोल्डर शेअर केलं, की त्याच्या पोटातल्या सगळ्या फाइली शेअर होतात आणि पुढे त्यात जे पडेल तेही आपोआप शेअर होतं. आज केलेली परवानगी उद्या टाकलेल्या कागदाला लागते आणि टाकणाऱ्याला दर वेळी तशी सूचना येतेच असं नाही.

एका उदाहरणानं हे स्पष्ट होईल. समजा, चौकातल्या एका नाखव्याला नव्या इंजिनासाठी बँकेचं कर्ज हवंय. बँक ३ वर्षांची विवरणपत्रं आणि ताळेबंद, बोटीची नोंदणी आणि परवाना मागते. हे कागद नाखव्याच्या तीन वर्षांच्या तीन फोल्डरांत आहेत. सगळ्यात सोपं म्हणजे त्याचं पूर्ण फोल्डर बँकेच्या अधिकाऱ्याला देऊन टाकणं. पण त्यात बायकोचं आधार आहे, भावाशी झालेल्या वाटणीचा कच्चा कागद आहे, खलाशांच्या उचलीची वही आहे. यातलं काहीही बँकेनं मागितलेलं नाही. शिवाय महिन्याभरानं भावाचं पासबुक स्कॅन होऊन त्याच फोल्डरमध्ये पडलं, तर तेही अधिकाऱ्याला दिसू लागेल.

म्हणून आमची पद्धत अशी. आधी नाखव्याकडून एका ओळीची लेखी संमती घ्यायची: कुठले कागद, कुणाला, कशासाठी. मग ‘बाहेर’ नावाच्या वेगळ्या जागी या कामापुरतं नवं फोल्डर करायचं आणि मागितलेल्या कागदांच्या प्रतीच त्यात ठेवायच्या. आधार लागत असेल, तर पहिले ८ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालेल का, हे विचारायचं. General access ला Restricted ठेवायचं. अधिकाऱ्याचा बँकेच्या डोमेनवरचाच ईमेल घालायचा, त्याचा खासगी पत्ता नाही. अधिकार Viewer. मुदतीसाठी Add expiration मध्ये तारीख घालायची. त्या अधिकाऱ्याचं गूगल खातं नसेल, तर त्याच्या ईमेलवर येणारा कोड टाकून फाइल उघडण्याची सोय फर्मच्या खात्यात चालू करता येते.

पाठवण्याआधी एक छोटी परीक्षा घ्यायची. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची आणि तिच्यात लिंक चिकटवायची. त्या खिडकीत आपण लॉगिन केलेलं नसतं. लॉगिनचं पान आलं, तर कुलूप लागलेलं आहे. कागद सरळ दिसला, तर लिंक सगळ्या जगाला उघडी आहे. याला अर्धं मिनिट लागतं आणि नवख्या आर्टिकललाही हे जमतं.

पासवर्ड आणि ईमेल

अनेकांना वाटतं, पी.डी.एफ.ला पासवर्ड आहे, मग लिंक कशीही दिली तरी काय बिघडतं? आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाचा, म्हणजे ए.आय.एस.चा, पासवर्ड असतो लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मवर्ष. ही सगळी माहिती त्याच फोल्डरमधल्या पॅनकार्डच्या झेरॉक्सवर छापलेली असते. एकेकटी फाइल असेल तर पासवर्डचा थोडा आडोसा होतो, पूर्ण फोल्डर उघडं असेल तर होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोर्टलचे पासवर्ड. अशिलांचे आयकराचे आणि जी.एस.टी.चे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये ठेवायची सवय या व्यवसायात जुनी आहे. ती शीट क्लाउडवर गेली, तर एका चुकीच्या क्लिकनं सगळ्या अशिलांची दारं उघडतात. तिला क्लाउडवर जागा नाही. पासवर्ड मॅनेजर नावाचे वेगळे प्रोग्रॅम असतात, त्यात ते ठेवायचे. आणि जिथे पोर्टल सी.ए.ला स्वतःच्या लॉगिननं अधिकार द्यायची सोय देतं, तिथे अशिलाचा पासवर्ड मागायचाच नाही.

नावानं परवानगी द्यायची, तर अशिलाचा ईमेल त्याच्याच ताब्यात हवा. किनारपट्टीवर ही खरी अडचण आहे. कित्येकांचा ईमेल नवा फोन घेताना दुकानातल्या मुलानं काढून दिलेला असतो, पासवर्ड त्यानंच ठेवलेला असतो आणि खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर भलत्याचाच असतो. अशा ईमेलला परवानगी देणं म्हणजे दुकानदाराला परवानगी देणं. म्हणून पहिली लिंक पाठवण्याआधी अशिलाला समोर बसवून पासवर्ड बदलून घ्यायचा, स्वतःचा नंबर घालायचा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची. नाखवा समुद्रावर असताना मुलगा किंवा बायको काम पाहत असेल, तर त्यांचं नाव संमतीपत्रात लिहून त्यांच्या स्वतःच्या ईमेलला वेगळी परवानगी द्यायची. एकच ईमेल घरभर वापरला, की कुणी काय उघडलं याची नोंद निरर्थक होते.

जे परत घेता येत नाही

अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय, किंवा कायद्यानं मागितली नसताना, दुसऱ्या कुणाला उघड करणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९च्या दुसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे. ‘लिंक चुकून उघडी राहिली’ हे त्यावर उत्तर होत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे. माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत, तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

क्लाउडची मर्यादाही सांगायला हवी. मुदत संपली की अधिकाऱ्याला फोल्डर दिसायचं बंद होतं, पण मधल्या काळात त्यानं उतरवून घेतलेली प्रत त्याच्याकडे राहते. फाइल उतरवणं, छापणं, कॉपी करणं Viewer साठी बंद ठेवता येतं, तरी पडद्याचा फोटो काढण्यापासून कुणाला अडवता येत नाही. आणि बँकेला कर्जाच्या फाइलीत लावायला छापील प्रत बहुतेक वेळा लागतेच, म्हणजे उतरवायची मुभा द्यावीच लागते. एकदा पाहिलेला कागद न पाहिलेला करता येत नाही.

त्यामुळे सूचनेत मुदतीच्या आणि अधिकाराच्या नियमांच्याही आधी हा नियम लिहिला: बाहेर जाणाऱ्या फोल्डरमध्ये मागितलेला कागदच ठेवायचा आणि तो ठेवणाऱ्यानं शेअर करण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून यादी तपासून घ्यायची. दर ३ महिन्यांनी एक भागीदार ‘बाहेर’मधलं प्रत्येक फोल्डर उघडून कुणाला परवानगी आहे हे पाहतो आणि काम संपलेली फोल्डरं बंद करतो. अशिलानं मागितली, तर त्याच्या कागदांपुरती ही यादी त्याला द्यायची. ते कागद त्याचे आहेत, तेव्हा ते कुणाला दाखवले हे विचारायचा हक्कही त्याचाच.